ठेव कुठे ठेवायची? तीन बँका आणि पाच लाखांची रेघ

तालुक्याच्या गावात मुदत ठेव ठेवायला निघालेल्या माणसासमोर आज साधारण तीन दारे असतात. पहिले राष्ट्रीयीकृत बँकेचे. तिथे पेन्शन जमा होते, पीककर्जासाठी रांग लागते आणि खिडकीवरचा साहेब दर तीन वर्षांनी बदलतो. दुसरे बाजारपेठेतल्या नागरी सहकारी बँकेचे. तिच्या संचालक मंडळात गावातलेच व्यापारी, वकील, डॉक्टर असतात आणि सोनेतारण कर्ज अर्ध्या तासात हातात पडते. तिसरे दार गेल्या काही वर्षांत उघडलेल्या स्मॉल फायनान्स बँकेचे. तिच्या काचेवर ठेवीचा दर सर्वांत मोठ्या अक्षरांत लावलेला असतो.

बहुतेक घरांत निर्णय दरावर होतो, नाहीतर ओळखीवर. दोन्ही कसोट्या वाईट नाहीत, पण त्या अपुऱ्या आहेत. ठेवीदाराने आधी विचारायचा प्रश्न निराळा आहे: या बँकेचे व्यवहार उद्या थांबले, तर माझे पैसे किती मिळतील, केव्हा मिळतील आणि बँकेला सावरायला कोण येईल? तिन्ही बँकांमधला खरा फरक या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तिन्हींना समान असलेले संरक्षण

आधी जे सारखे आहे ते पाहू. ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, ही रिझर्व्ह बँकेच्या मालकीची संस्था आहे. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि त्यानंतर १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला. सहकारी बँका त्यात नंतर आल्या. आज राष्ट्रीयीकृत, खासगी, स्मॉल फायनान्स, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी अशा सर्व बँकांच्या ठेवींना तोच विमा लागू आहे. त्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदाराला अर्ज करावा लागत नाही, पैसेही द्यावे लागत नाहीत.

या विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. हे पाच लाख मोजायचे कसे, याबद्दल मात्र गावोगाव गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा, की प्रत्येक पावतीला पाच लाखांचा विमा असतो. तसे नाही. एका बँकेत एका माणसाच्या नावावर असलेले बचत खाते, चालू खाते, आवर्त ठेव आणि मुदत ठेव या सर्वांची बेरीज करून पाच लाख मिळतात. त्याच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत पैसे विभागले, तरी बेरीज एकच होते. बँक वेगळी असेल तरच मर्यादा वेगळी.

दुसरा गैरसमज असा, की पाच लाख ही फक्त मुद्दल आहे. प्रत्यक्षात त्यात व्याजही धरले जाते. चार लाख रुपये साडेसात टक्के दराने, दर तिमाहीला चक्रवाढ होणाऱ्या ठेवीत तीन वर्षे ठेवले, तर अखेरीस साधारण ४ लाख ९९ हजार ८८७ रुपये होतात. म्हणजे त्या दराने तीन वर्षांसाठी विम्याच्या आत राहायचे, तर सुरुवातीची रक्कम चार लाखच हवी. साडेचार लाख ठेवले, तर जवळपास दीड वर्षातच ती ठेव पाच लाखांची रेघ ओलांडते. दर महिन्याला किंवा तिमाहीला व्याज काढून घेणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण त्याची रक्कम वाढत नाही. मात्र ते व्याज दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवलेले हवे. त्याच बँकेतल्या बचत खात्यात ते साचत राहिले, तर बेरजेत तेही येते.

तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. त्याच बँकेचे कर्ज तुमच्या अंगावर असेल, तर ते वजा करून उरलेले मिळते. पाच लाखांची ठेव आणि दोन लाखांचे कर्ज असेल, तर हातात तीन लाख येतात. सहकारी बँकेचे शेअर्स म्हणजे ठेव नव्हेच. कर्ज घेताना कापून घेतलेले भागभांडवल विम्यात बसत नाही, आणि बँक बुडाली की ते परत येण्याची आशा जवळपास संपते.

फरक सुरू होतो तो पाच लाखांनंतर

पाच लाखांपर्यंत तिन्ही बँका एका पातळीवर आहेत. त्यावरची रक्कम असेल, तर बँक अडचणीत आल्यावर तिला कोण वाचवतो, हे महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली की हा फरक स्पष्ट होतो.

साताऱ्यात मुख्यालय असलेली युनायटेड वेस्टर्न बँक ही खासगी व्यापारी बँक होती. तिचे भांडवल घटले आणि २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्या व्यवहारांवर निर्बंध आले. ३ ऑक्टोबरपासून ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. महिन्याभराची चिंता सोसून ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळाली. पुढे मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँक आणि इतर बँकांनी तिचे शेअर्स घेऊन भांडवल ओतले. दोन आठवड्यांच्या आत निर्बंध उठले.

पुण्याची रुपी को-ऑपरेटिव्ह बँक १९१२ मध्ये स्थापन झालेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासावर उभी असलेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिच्यावर निर्बंध आले. प्रशासक नेमले गेले, इतर बँकांत विलीनीकरणाचे प्रस्ताव आले आणि अडले. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. साडेनऊ वर्षे. त्या काळात ज्यांची मुलांची लग्ने, दवाखाने, घराचे हप्ते त्या पावत्यांवर अवलंबून होते, त्यांनी काय काढले असेल, हे सांगायला आकडे लागत नाहीत.

एकीकडे एक महिना आणि दुसरीकडे साडेनऊ वर्षे, हे कशामुळे? व्यवस्थापन चांगले की वाईट, एवढ्याने याचे उत्तर मिळत नाही. कारण मालकीच्या रचनेत आहे. व्यापारी बँक ही कंपनी असते. तिचे शेअर्स विकत घेता येतात आणि जितके शेअर्स तितकी सत्ता मिळते. त्यामुळे अडचणीतल्या बँकेतही शाखा, ग्राहक आणि परवाना यांसाठी पैसे ओतायला कोणीतरी तयार होतो. सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत असते, मग त्याचे शेअर्स शंभर रुपयांचे असोत की लाखाचे. शेअर परत केला तर दर्शनी किमतीलाच. हे तत्त्व सुंदर आहे. त्यामुळे एखादा धनाढ्य माणूस पैशांच्या जोरावर बँक ताब्यात घेऊ शकत नाही. पण याच तत्त्वामुळे संकटात मोठे भांडवल घेऊन बाहेरचा कोणी येत नाही. उरते ते दुसऱ्या सक्षम सहकारी बँकेत विलीनीकरण, आणि तिचे सभासद दुसऱ्याचा तोटा का घेतील?

शिवाय २०२० पर्यंत सहकारी बँकांवर दोन धनी होते. बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आणि संस्थेचा कारभार सहकार खात्याकडे. कंपनी असलेल्या बँकेची पुनर्रचना जशी वरून करता येते, तशी सहकारी बँकेची करता येत नव्हती. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि रिझर्व्ह बँकेला तो अधिकार मिळाला.

त्याचा परिणाम दिसतो आहे. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत प्रश्न सुटला. मात्र प्रत्येक वेळी असा आधार मिळेलच असे नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, सप्टेंबर २०१९ मध्ये अडकली आणि जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीदारांचे पैसे आधी मिळाले. त्याहून मोठ्या ठेवींची परतफेड योजनेनुसार दहा वर्षांवर पसरवली गेली.

स्मॉल फायनान्स बँक : दर जास्त का?

नावामुळे पुष्कळांना ही बँक म्हणजे फायनान्स कंपनी किंवा भिशीचा सुधारित अवतार वाटतो. ते खरे नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये या बँकांसाठी नियम केले, २०१५ मध्ये दहा संस्थांना तत्त्वतः मंजुरी दिली आणि २०१६ पासून त्या सुरू झाल्या. त्या पूर्ण अर्थाने बँका आहेत, कंपनी म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि त्यांनी जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत किमान १५ टक्के भांडवल बाळगावे असे बंधन आहे. हे बंधन मोठ्या व्यापारी बँकांपेक्षा कडक आहे.

ते कडक ठेवण्याला कारण आहे. यांतल्या बहुतेक बँका आधी मायक्रोफायनान्स संस्था होत्या. त्यांच्या कर्जाचा मोठा भाग महिला बचत गटांसारख्या गटांना, छोट्या दुकानदारांना, दुग्ध व्यावसायिकांना दिलेला असतो. त्यातले बरेचसे कर्ज विनातारण असते. अशा कर्जावर व्याज जास्त मिळते, म्हणून ठेवीवर जास्त देणे परवडते. पण दुष्काळ पडला, टाळेबंदी आली किंवा एकाच घराने चार ठिकाणांहून कर्जे उचलली, की थकबाकी एकदम वाढते. करोनाच्या काळात ते दिसले, आणि २०२४-२५ मध्येही मायक्रोफायनान्सची थकबाकी वाढल्यावर अनेक स्मॉल फायनान्स बँकांचा नफा घसरला.

आजवर एकही स्मॉल फायनान्स बँक बुडालेली नाही. पण हा बँकप्रकारच २०१६ पासूनचा आहे, त्याची परीक्षा अजून पुरती झालेली नाही. कंपनी असल्यामुळे संकटात भांडवल घेऊन कोणी येण्याची वाट मोकळी आहे. या बाबतीत ती सहकारी बँकेपेक्षा व्यापारी बँकेच्या जवळ आहे. गावातल्या ठेवीदाराची रोजची अडचण दुसरी असते. जवळची शाखा तालुक्याला एकच, बहुतेक कामे मोबाइलवर आणि कर्मचारी वारंवार बदलणारे. वयस्कर माणसाने ठेव ठेवण्याआधी मुदतपूर्व मोडल्यास किती दंड आहे आणि त्यासाठी शाखेत जावे लागेल की मोबाइलवर होईल, हे विचारून घ्यावे.

चौथे दार : हे बँकेचे नाही

बाजारपेठेत आणखी एक दार असते, पतसंस्थेचे. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी हे त्याचेच मोठे रूप. काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट, लॉकर, सगळे बँकेसारखे. परंतु पतसंस्था बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नसतो. जळगावच्या बीएचआर आणि बीडच्या ज्ञानराधा या मल्टिस्टेट संस्थांच्या ठेवीदारांना ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून कळली.

ओळखायचे कसे? परवानाधारक बँकेच्या शाखेत आणि संकेतस्थळावर डीआयसीजीसीचे चिन्ह आणि क्यूआर कोड लावलेला असतो. डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी असते, तिच्यात नाव शोधावे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांची संकेतस्थळे आता `.bank.in` ने संपणाऱ्या पत्त्यावर आली आहेत, आणि हा पत्ता बँकेशिवाय कोणाला मिळत नाही.

एक घर, चोवीस लाख

आता हे सारे एका घराला लावून पाहू. समजा, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत जायचे ते गेले आणि बँकांत ठेवायला चोवीस लाख उरले. त्यांच्या गावातले दर असे धरू: राष्ट्रीयीकृत बँक ६.५ टक्के, नागरी सहकारी बँक ७.२५ टक्के आणि स्मॉल फायनान्स बँक ७.७५ टक्के.

सर्व रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवली, तर वर्षाला १ लाख ५६ हजार व्याज येते. सर्व स्मॉल फायनान्स बँकेत ठेवली, तर १ लाख ८६ हजार. फरक तीस हजारांचा, म्हणजे महिन्याला अडीच हजार. निवृत्त माणसाला ही रक्कम लहान नाही. सगळे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेतच ठेवा, हा सल्ला म्हणूनच गुरुजींना पटत नाही, आणि त्यांचे बरोबर आहे.

पण चोवीस लाख गुरुजींच्या एकट्याच्या नावावर एकाच सहकारी बँकेत असतील आणि निर्बंध आले, तर विम्याचे पाच लाख येतील आणि एकोणीस लाख अनिश्चित काळासाठी अडकतील.

आता तीच रक्कम तीन भागांत ठेवू. आठ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, आठ लाख सहकारी बँकेत आणि आठ लाख स्मॉल फायनान्स बँकेत. पुढच्या दोन बँकांत चार लाख गुरुजींच्या आणि चार लाख पत्नीच्या नावावर. व्याज अनुक्रमे ५२ हजार, ५८ हजार आणि ६२ हजार, एकूण १ लाख ७२ हजार. सर्वाधिक दराच्या पर्यायापेक्षा हे वर्षाला चौदा हजारांनी, म्हणजे महिन्याला बाराशेहून कमी रुपयांनी कमी आहे. त्या बदल्यात सहकारी आणि स्मॉल फायनान्स या दोन्ही बँकांतला प्रत्येक रुपया विम्याच्या आत आला.

राष्ट्रीयीकृत बँकेतले आठ लाख एकाच नावावर असतील, तर त्यातले तीन लाख विम्याबाहेर राहतात. पण तिथे सरकार स्वतः मालक आहे, आणि १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर अशा बँकेच्या ठेवीदाराचा पैसा बुडालेला नाही. दुबळ्या बँका दुसऱ्या सरकारी बँकेत विलीन केल्या गेल्या. विम्याबाहेरची रक्कम ठेवायचीच असेल, तर ती इथे ठेवावी.

संयुक्त खात्याचाही उपयोग होतो. विम्याच्या नियमांत गुरुजींचे एकट्याचे खाते, पत्नीचे एकटीचे खाते आणि दोघांचे संयुक्त खाते ही तीन वेगळी धरली जातात. म्हणजे एका बँकेत या जोडप्याला पंधरा लाखांपर्यंत संरक्षण मिळू शकते. तरीही एकाच बँकेत पंधरा लाख ठेवण्यापेक्षा बँका वेगळ्या केलेल्या बऱ्या. विमा पैसे देतो, पण पैसे हातात येईपर्यंतचा काळ वाचवत नाही.

नव्वद दिवस आणि दुसऱ्या बँकेतले खाते

तो काळ किती? पूर्वी विम्याचे पैसे परवाना रद्द झाल्यावरच मिळत, आणि रुपी बँकेसारखी परवान्याची टांगती तलवार वर्षानुवर्षे लटकत राही. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता बँकेवर सर्वसमावेशक निर्बंध आले, की नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची आहे. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, पुढच्या ३० दिवसांत महामंडळ ती तपासते आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत पैसे देते. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील, तर ही मुदत आणखी नव्वद दिवस वाढू शकते.

यात अडकतात ते कागद अपुरे असलेले लोक. रक्कम मिळवण्यासाठी ठेवीदाराने संमती लिहून द्यावी लागते आणि पैसे जमा करण्यासाठी दुसऱ्या बँकेतले खाते लागते. केवायसी जुनी असेल, पावतीवरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळत नसेल किंवा मृत व्यक्तीच्या नावावरची ठेव वारस नोंदीविना पडून असेल, तर फाइल मागे पडते. म्हणून सहकारी बँकेवर कितीही लोभ असला, तरी चालते बचत खाते दुसऱ्या कुठल्यातरी बँकेत असू द्यावे, आणि सहा महिन्यांचा घरखर्च त्यात ठेवावा.

अहवालातले तीन आकडे

सहकारी बँकेचा सभासद असणाऱ्याला दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेआधी अहवाल मिळतो. त्यात अध्यक्षांच्या मनोगताच्या पुढे जाऊन तीन आकडे पाहावेत. भांडवल पर्याप्तता लहान बँकांना किमान ९ टक्के आणि शंभर कोटींहून जास्त ठेवी असलेल्यांना १२ टक्के हवी. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेले थकीत कर्ज, ३ टक्क्यांच्या आत असेल तर चांगले. ते ६ टक्क्यांपलीकडे गेले, तर रिझर्व्ह बँक मोठ्या बँकांवर सुधारणेची कारवाई सुरू करू शकते. तिसरा आकडा नफ्याचा, गेल्या चार वर्षांपैकी किमान तीन वर्षांचा.

यातला एखादा आकडा सलग दोन वर्षे बिघडत असेल, लाभांश अचानक बंद झाला असेल किंवा गावातल्या इतर सहकारी बँकांपेक्षा ही एकटीच एक-दीड टक्का जास्त देऊन ठेवी गोळा करत असेल, तर ठेवीची मुदत संपल्यावर ती नव्याने ठेवू नये.

पण अहवालाची मर्यादाही ओळखायला हवी. पीएमसी बँकेने मार्च २०१९ अखेर चार टक्क्यांहून कमी एनपीए दाखवले होते आणि ती नफ्यात होती. प्रत्यक्षात तिच्या कर्जांचा बहुतांश भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेला होता, आणि तो हजारो बनावट खात्यांमागे लपवलेला होता. अहवाल वाचणारा हुशार ठेवीदारही तिथे फसला असता. आकडे तपासणे गरजेचे आहे, पण त्यांचा खरेपणा दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. पाच लाखांची रेघ कोणाच्याही प्रामाणिकपणावर अवलंबून नाही. ती फक्त बेरजेवर अवलंबून आहे, आणि ती बेरीज ठेवीदार स्वतः करू शकतो.

त्यामुळे गावातल्या सहकारी बँकेला सोडायचे कारण नाही. छोट्या दुकानदाराला, भाजीवाल्याला, दागिना गहाण ठेवून बी-बियाणे घेणाऱ्याला अजूनही तीच पटकन उभी करते, आणि स्थानिक ठेवी आल्या नाहीत तर ती कर्जे देणार कुठून? तिच्यात व्याजासह पाच लाखांच्या आत राहील एवढी ठेव घरातल्या प्रत्येकाच्या नावावर ठेवावी. जास्त दराचा मोह असेल, तर स्मॉल फायनान्स बँकेतही तेवढीच. रेघेच्या वरची रक्कम सरकारी बँकेत. आणि दरवर्षी मार्च संपला, की सर्व पासबुके आणि पावत्या समोर घेऊन बँकवार, नाववार बेरीज करावी. जिथे आकडा पाच लाखांच्या पुढे गेला असेल, तिथली पुढची पावती दुसऱ्या बँकेत न्यावी.